नाव बदललं तरी गुऱ्हाळ बदलत नाही

‘नमस्कार ताई, मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. मालक गेल्यापासून नऊ वर्षं गुऱ्हाळ मीच चालवते. आमच्या पट्ट्यात बाईमाणसानं चालवलेलं दुसरं गुऱ्हाळ नाही. माझ्या मैत्रिणीची मुलगी गुळाच्या धंद्यातल्या बायकांवर पीएच.डी. करतीय, तिला माझी मुलाखत हवी आहे. “मावशी, नाव बदलणार, कुणाला कळणार नाही,” म्हणते. पोरगी गुणी आहे, कष्टाळू आहे. पण दिरांशी वाटणीचा दावा चालू आहे, अडत्याची उचल अंगावर आहे, मुलाचं लग्न ठरवायचं आहे. यातलं काही कुठं छापून यायला नको. मागं ती आली तेव्हा चहा घेताना मी बरंच बोलून गेले, तिनं फोटोही काढले. “बघू की” म्हणून दोनदा पुढं ढकललं. नाही म्हटलं तर तिचं नुकसान होईल का? कारण सांगावं लागतं का? मैत्रीण दुखावेल का? तिचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं.’
— एक वाचक, करवीर

ताई, नकार द्या, आणि याच आठवड्यात द्या. कारण सांगायचं बंधन तुमच्यावर नाही, आणि एका मुलाखतीवाचून कुणाचं पीएच.डी. अडत नाही. पण एवढं ऐकून तुमचं मन हलकं व्हायचं नाही, कारण पोरगी खोटं बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ती नाव बदलेलच. मग आपणच उगाच बाऊ करतोय का, हा खडा टोचत राहील. म्हणून आधी तो खडा काढू.

प्रबंधात मुलाखत कशी येते ते सांगते. बहुतेक वेळा एका प्रकरणात किंवा शेवटी परिशिष्टात एक तक्ता असतो. प्रत्येक बाईचं बदललेलं नाव, वय, शिक्षण, समाज, तालुका, लग्न झालंय की नाही, धंद्यात किती वर्षं, असे रकाने. तुमचं वय मला माहीत नाही, अंदाजानं लिहिते. तुमची ओळ साधारण अशी येईल: ‘सुनंदा, वय ४६, बारावी, करवीर, विधवा, गुऱ्हाळाची मालक, ९ वर्षं.’

आता ही ओळ आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. जिल्ह्यात बारा तालुके, त्यातला एक उरला. त्या तालुक्यातली गुऱ्हाळं, त्यातलं बाईनं चालवलेलं. इथंच बोट तुमच्यावर येऊन थांबतं. वय, शिक्षण, वर्षं यांची गरजही पडत नाही. मुलगी तालुका काढून टाकेल, वयाऐवजी ‘चाळिशी’ लिहील, तरी ‘बाई’ आणि ‘गुऱ्हाळाची मालक’ हे दोन शब्द राहणारच. ते काढले तर प्रबंधात तुमची मुलाखत घ्यायचं कारणच उरत नाही. तुम्ही ज्या एका गोष्टीमुळं तिला हव्या आहात, तीच गोष्ट तुम्हाला लपू देत नाही. यात तिचा दोष नाही. तिचं वचन प्रामाणिक आहे, ते पाळणं मात्र तिच्या हातात नाही.

याच प्रबंधात गुऱ्हाळावर चिपाड वाळत घालणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, ढेपा बांधायला लागणाऱ्या बायकाही असतील. त्यांची नावं बदलली की बऱ्यापैकी भागतं, कारण तशा कितीतरी आहेत. चार-पाच जणींचं बोलणं मिसळून एकीच्या तोंडी घालायची सोयही असते. तुमच्यासारखी दुसरी असती तर तुमच्याबाबतही ते करता आलं असतं. म्हणून तुमचा नकार म्हणजे ‘असल्या भानगडीत कुणीच पडू नये’ असा अर्थ नाही. तो तुमच्या जागेपुरता आहे.

आता दुसरी गोष्ट, जी संशोधक मंडळींच्या बोलण्यात कमी येते. नाव बदलल्यानं संरक्षण मिळतं ते परक्यांपासून. दिल्लीत बसून प्रबंध वाचणाऱ्याला सुनंदा कोण हे कळणार नाही, आणि कळलं तरी त्याला काय त्याचं. तुम्हाला भीती परक्यांची नाहीच. दीर, त्यांचा वकील, अडत्या, उद्याचे व्याही, ही सगळी माणसं तुम्हाला आधीपासून ओळखतात. त्यांना नाव लागत नाही. ‘मालक गेले त्या हंगामात घरच्यांनीच गुळव्याला येऊ दिलं नाही’ एवढं एक वाक्य छापलं, की ते कुणाचं हे त्यांना कळतं. एखादी शब्दाची लकबही पुरते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षं मी स्वतः गावोगाव मुलाखती घेत फिरले. सुरुवातीच्या काळात राधानगरीकडच्या एका गावातल्या बाईंची हकीकत मी एका अहवालात लिहिली. नाव बदललं, गावाचं नावही बदललं. पण त्यांच्या दारात दोन शिलाई मशीन होत्या आणि नवरा मुंबईहून वर्षातून एकदा गौरी-गणपतीला येतो, हे तसंच राहू दिलं, कारण वाचताना ते चांगलं वाटत होतं. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत पोहोचली. नवऱ्यानं पैसे पाठवणं बंद केलं होतं, ही गोष्ट त्या बाईंनी माहेरीसुद्धा सांगितलेली नव्हती. ती त्यांच्या जावेनं त्यांना वाचून दाखवली. मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. ती चूक माझी होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मी नाव बदललं म्हणजे काम झालं असं धरून चालले होते.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कँडर या छोट्या गावाचा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून झाला आणि १९५८ मध्ये त्यावर पुस्तक आलं. गावाला ‘स्प्रिंगडेल’ असं खोटं नाव दिलेलं, माणसांची नावंही बदललेली. तरी कोण कुठला हे गावानं लगेच ओळखलं आणि गाव दुखावलं. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत लोकांनी पुस्तकातली खोटी नावं स्वतःला लावून चित्ररथ काढले, आणि शेवटच्या गाड्यावर शेणखतात वाकलेला लेखकाचा पुतळा ठेवला. तिथं निदान अख्खं गाव एका बाजूला होतं. तुमच्या गावात तसं असणार नाही.

‘पण प्रबंध वाचतंय कोण?’ असं मुलगी म्हणेल, आणि पूर्वी ते खरंही होतं. बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडायची. आता तसं राहिलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या नियमांत प्रबंधाची डिजिटल प्रत द्यायला सांगितलं, आणि ते प्रबंध ‘शोधगंगा’ नावाच्या संकेतस्थळावर जातात. shodhganga.inflibnet.ac.in इथं घरबसल्या कुणालाही ते फुकट वाचता येतात, प्रकरणं वेगवेगळी उतरवून घेता येतात. तुमच्या मुलाला सांगून एक संध्याकाळ तिथं एखादा मुलाखतींवर आधारलेला प्रबंध उघडून बघा. तक्ता कसा असतो, बायकांचं बोलणं अवतरणात कसं येतं, हे डोळ्यांनी दिसेल. मग ठरवताना माझ्या शब्दावर विसंबायची गरज राहणार नाही.

दाव्याचं वेगळं सांगते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट मला तीच वाटली. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. संशोधक आणि मुलाखत देणारं माणूस यांच्यातल्या बोलण्याला तसं नाही. उद्या कुणाच्या डोक्यात आलं आणि न्यायालयानं ध्वनिमुद्रण मागवलं, तर ‘मी मावशीला शब्द दिला होता’ एवढं म्हणून मुलीची सुटका होणार नाही. असं रोज घडतं असं मी म्हणत नाही, क्वचितच घडेल. पण वाटणीचा दावा चालू असताना जमीन कुणी कसली, पहिल्या वर्षी पैसे कुठून आणले, कुणी काय कबूल केलं होतं, हे तुमच्या आवाजात कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असणं बरं नाही. तुमच्या वकिलांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण त्यात संशोधनाच्या कामाला काही अटींवर सूट ठेवली आहे. म्हणजे आधी देऊन टाकायचं आणि नंतर कायदा बघून घेईल, असा हिशेब धरू नका.

आता त्या चहाचं. मला वाटतं तुम्हाला रात्री झोप लागत नसेल ती यामुळंच. संशोधनाचा नियम असा, की माहिती नीट समजावून, संमती घेऊन मगच मुलाखत सुरू होते. संमतीपत्राआधी जे कानावर पडलं ते मुलाखतीत धरू नये. पण प्रत्यक्षात चांगली संशोधक घरी गेली की त्याच रात्री वहीत सगळं टिपून ठेवते: कोण काय बोललं, घर कसं होतं, कुठल्या प्रश्नाला माणूस गप्प झालं. तिला तसं शिकवलेलंच असतं. त्यामुळं तुमचं बोलणं तिच्या वहीत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. फोटोंचंही तसंच. चुलवाण, काहील, मागचं झाड, छपराचा पत्रा, एवढ्यावर आपल्या भागातला माणूस गुऱ्हाळ ओळखतो. शिवाय मोबाइलच्या फोटोत तो कुठल्या जागी काढला हेही कित्येकदा साठवलेलं असतं, आणि मोबाइल आपोआप ते सगळं दुसरीकडं चढवून ठेवतो. म्हणून नुसतं ‘मुलाखत नको’ म्हणून थांबू नका. ‘त्या दिवशी जे बोलले ते वापरू नकोस, वहीतलं खोड, फोटो पुसून टाक,’ हे नकाराचाच भाग करा. मागणी रास्त आहे. ती नीट शिकलेली असेल तर तिला वावगं वाटणार नाही.

आणि ‘बघू की’ आता बंद करा. आपल्या कोल्हापुरी तोंडात ‘बघू की’, ‘या की परत’, ‘हंगाम उरकू दे’ हे नकार म्हणून येतं, पण समोरच्याला ते होकारासारखं ऐकू जातं. मुलगी शहरातून एसटी धरून येते, तुमची जागा मोकळी धरून दुसऱ्या कुणाला विचारत नाही. नमुन्यात किती जणी घ्यायच्या हे ठरवताना काहीजणी नको म्हणतील हे तिच्या मार्गदर्शकांनी धरलेलंच असतं. किती जणींनी नकार दिला हेही प्रबंधात लिहितात, त्यात काही कमीपणा नाही. नुकसान होतं ते उशिरानं. आज नाही म्हटलंत तर तिचा एक फोन वाया जातो. मुलाखत दिली, तिनं ती उतरवून काढली, प्रकरण लिहिलं, आणि मग तुम्ही मागं फिरलात, तर तिचे महिने वाया जातात. प्रबंध सादर झाल्यावर तर मागं घ्यायला काही उरतच नाही. तिचं भलं व्हावं असं वाटतं ना, मग तिच्यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे लवकरचा, सरळ नकार.

फोनवर सांगा, आणि मग तेच दोन ओळींत लिहूनही पाठवा. फोनवर आपण मायेनं वाकतो, लिहिलेलं जागेवर राहतं. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘बाळ, तुझ्या कामासाठी मी मुलाखत देणार नाही. नीट विचार करून ठरवलंय, त्यामुळं पुन्हा विचारू नकोस. माझ्या घरच्या गोष्टी मला घरातच ठेवायच्या आहेत. त्या दिवशी चहाला बसून जे बोलले ते आणि गुऱ्हाळाचे फोटो कुठंच वापरू नकोस. वहीतलं खोडून टाक, फोटो पुसून टाक, आणि पुसले की मला सांग. तुझ्यावर राग नाही, शंकाही नाही. तुझं काम चांगलं व्हावं, लवकर पुरं व्हावं. — मावशी’

यात दिरांचं नाव नाही, दाव्याचं नाही, उचलीचं नाही, हे बघा. कारण जितकं सांगाल तितकी तीच माहिती दुसऱ्या वाटेनं बाहेर जाते, आणि प्रत्येक कारणावर एक तोडगा निघतो. ‘दाव्याचं विचारणार नाही मावशी’, ‘रेकॉर्डिंग नको तर लिहून घेते’, ‘छापायच्या आधी दाखवते’. ती हे चांगल्या मनानंच म्हणेल. पण दाव्याचं वगळून तुमची नऊ वर्षं सांगता येणार आहेत का? पहिल्याच प्रश्नाला, ‘गुऱ्हाळ हातात कसं आलं’ याला, तुम्ही त्याच दारात उभ्या राहणार. ‘घरच्या गोष्टी घरातच’ हे खरं कारण आहे आणि त्याच्यावर तोडगा नाही. तब्येतीचं किंवा हंगामाच्या गडबडीचं खोटं कारण मात्र देऊ नका. हंगाम संपतो, आणि एप्रिलमध्ये ती पुन्हा दारात येते.

मैत्रिणीला मुलीकडून कळायच्या आत तुम्ही स्वतः सांगा. ‘तुझ्या लेकीला मी नको म्हटलंय, तिच्यात काही खोट नाही, मलाच माझं बोलायचं नाही.’ एवढंच. ती दुखावेल का? दोन दिवस कदाचित वाटेल तिला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं आईला बघवत नाही. पण दाव्यात एखादी गोष्ट फिरून आली आणि ती हिच्या लेकीच्या प्रबंधातून आली, असं झालं तर ती मैत्री पुन्हा सांधली जायची नाही. हे तिलाही, शांतपणे विचार केला की, पटेल.

मुलगी म्हणेल, ‘मावशी, मग दुसरी कुणी बाई सुचवा.’ इथं जपा. कुणाचं नाव, नंबर तिच्या हातात देऊ नका, कारण ‘अमकीनं पाठवलंय’ म्हटलं की त्या बाईला नाही म्हणणं जड जातं, अगदी तुम्हाला जातंय तसंच. उलट करा. तिचा नंबर तुम्ही त्या बाईला द्या आणि सांगा, वाटलं तर फोन कर, नाही वाटलं तर सोडून दे.

तिला काही द्यावंसंच वाटत असेल तर धंद्याची माहिती द्या. आधण उतरायला किती वेळ लागतो, मळी काढायला रानभेंडी कशी आणि कितपत घालतात, पाक झालाय हे गुळव्या कशावरून ओळखतो, चुना कधी घालायचा. यात तुमच्या घरातलं काही नाही. तिच्या मार्गदर्शकांना हे ठाऊक असण्याची शक्यता कमी, आणि अशी माहिती नसली की प्रबंध पोकळ होतो. फक्त एक अट घाला. प्रबंधाच्या पहिल्या पानांवर ऋणनिर्देश असतो, तिथं मुली मोठ्या प्रेमानं सगळ्यांची नावं घालतात. आत ‘सुनंदा’ आणि बाहेर ‘माझ्या मावशींचे, ज्यांनी आपल्या गुऱ्हाळाचे दार माझ्यासाठी उघडले, आभार’, असं मी स्वतः वाचलेलं आहे. तुमचे आभार तिनं छापून मानायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

मग ती येऊ दे की गुऱ्हाळावर. काहिलीतला गरम गूळ द्या, बाटलीभर काकवी द्या आईसाठी. फक्त वही आणि मोबाइल पिशवीत राहणार, हे ती चुलवाणापाशी येऊन बसायच्या आत ठरलेलं असू द्या.